मुंबई सर्कलचा ‘ओके’

मोबाइलच्या नकाशावर डोंबिवली पहिल्यापासून मुंबईत होती. लँडलाइनसाठी ठाण्याचा कोड 022 आणि कल्याण-डोंबिवलीचा 0251, त्यामुळे डोंबिवलीहून दादरला फोन लावायचा तर आधी कोड फिरवावा लागे. मोबाइलचे परवाने देताना मात्र सरकारने मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण इथल्या टेलिफोन क्षेत्रांचं मिळून एकच ‘मुंबई सर्कल’ केलं. 1995 साली इथे दोन खासगी कंपन्या उतरल्या. 9820 ने सुरू होणारे नंबर मॅक्सटचचे होते. ही कंपनी पुढे ऑरेंज झाली, मग हच आणि 2007 मध्ये व्होडाफोन. 9821 वाले नंबर बीपीएलचे, म्हणजे नंतरच्या लूपचे. पुढे एमटीएनएल आली, 2002 मध्ये एअरटेल आली, आणि ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या लोकलच्या डब्यात सिमकार्डांची चांगली सरमिसळ झाली.

या सगळ्या कार्डांत एक समान गोष्ट होती आणि तिच्याकडे बहुतेकांचं लक्षच नसे. साध्या नोकिया फोनच्या मेन्यूत खाली खाली जात राहिलं की शेवटी कंपनीच्या नावाचा किंवा नुसता ‘सिम सर्व्हिसेस’ असा एक कप्पा लागायचा. तो उघडला की क्रिकेट, राशिभविष्य, विनोद, बातम्या, भक्तिगीतं, कॉलर ट्यून, कधी नोकऱ्या, कधी बॅलन्स अशी यादी दिसायची. सर्कलप्रमाणे आणि कार्ड कोणत्या वर्षी छापलं त्याप्रमाणे ती बदलायची. हाच सिम टूलकिट. लोकांना वाटे, हा फोनचाच भाग आहे. पण कार्ड काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये टाकलं की यादीही त्याच्याबरोबर जायची.

सिमकार्ड म्हणजे एक छोटा संगणकच. त्याला स्वतःची चिप आहे आणि थोडी मेमरी आहे. त्या काळी 16 किंवा 32 किलोबाइट म्हणजे बऱ्यापैकी मोठं कार्ड. पण हा संगणक स्वतःहून बोलू शकत नाही. फोन विचारेल तेवढंच उत्तर द्यायचं, असा त्याचा मूळ करार. 1990 च्या दशकाच्या मध्यावर युरोपातल्या एट्सी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने जीएसएम 11.14 या नियमावलीत एक पळवाट काढून दिली. फोनने ठरावीक वेळाने, साधारण दर अर्ध्या मिनिटाने, कार्डाची विचारपूस करायची. कार्डाला काही करून हवं असेल तर ते उत्तरातच ‘माझं एक काम आहे’ असा इशारा देईल. मग फोनने ते काम मागून घ्यायचं आणि पार पाडायचं. स्क्रीनवर मजकूर दाखव, यादी दाखव, ग्राहकाकडून एखादा अंक टाइप करून घे, एसएमएस पाठव, कॉल लाव, तू कोणत्या टॉवरखाली आहेस ते सांग, अशी ही कामं. मेन्यू हे त्यातलंच एक काम. फोन चालू झाला की कार्ड त्याला सांगतं, एवढ्या नावांची यादी तुझ्या मेन्यूत लाव.

या नियमावलीतला एक बारीक फरक ठाणे-डोंबिवलीच्या प्रवाशांना पुढे बराच महागात पडला. कार्डाने फोनला कॉल लावायला सांगितलं तर फोनने आधी ग्राहकाला विचारायचं, असं बंधन होतं. एसएमएसला तसं बंधन नव्हतं. उलट कार्डाने मुद्दाम कोरं शीर्षक दिलं तर संदेश जातोय हे फोनने दाखवायचंही नाही, अशी मुभा होती. असा संदेश फोनच्या ‘सेंट’ पेटीतही सहसा सापडत नसे. त्यामागे गैरहेतू नव्हता. बँकिंगसारख्या सेवांचे सांकेतिक संदेश ग्राहकाच्या डोळ्यांसमोर कशाला नाचवायचे, एवढाच विचार होता. केनियात 2007 मध्ये सफारीकॉमने एम-पेसा याच टूलकिटवर चालवलं, आणि साध्या फोनवरून पैसे पाठवणाऱ्या त्या देशात सिमचा मेन्यू ही रोजच्या उपयोगाची गोष्ट झाली. आपल्याकडे त्याच दारातून राशिभविष्य आलं.

मेन्यू इंग्रजीत का होता, हेही सांगायला हवं, कारण पुढच्या गोंधळात त्याचा वाटा आहे. रोमन लिपीचं अक्षर सात बिटांत बसतं, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात, आणि काना-मात्रा-वेलांटी ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. कार्डाची जागा तोकडी, शिवाय कितीतरी हँडसेटना देवनागरी दाखवताच येत नसे. म्हणून यादी इंग्रजीत राहिली आणि जाहिराती रोमन लिपीतल्या हिंदीत. मराठी ग्राहकाला त्याच्या लिपीत किंमत सांगायची सोयच नव्हती. सोय असती तरी सांगितली असती का, हा प्रश्न वेगळा.

तोवर हा मेन्यू तसा निरुपद्रवी होता. त्यात कोणी जाईच ना, आणि खरी अडचण कंपन्यांची हीच होती. सेवा विकायला ठेवली होती, पण दुकान गल्लीच्या टोकाला. इस्राएलमधल्या सेलटिक कंपनीची ‘लाइव्हस्क्रीन’ ही युक्ती यावर तोडगा म्हणून पुढे आली आणि भारतीय ऑपरेटरांनीही ही पद्धत उचलली. मेन्यूकडे ग्राहक येत नाही ना, मग मेन्यूच ग्राहकाच्या रिकाम्या स्क्रीनवर नेऊन ठेवायचा. एअरटेलच्या कार्डावर याचं नाव Airtel Now! होतं, व्होडाफोनच्या कार्डावर Flash!, आणि बीएसएनएलकडे Buzz. लोकांनी सगळ्यांना मिळून एकच नाव दिलं, ‘फ्लॅश मेसेज’.

हे संदेश एसएमएसने येत नसत, ते सेल ब्रॉडकास्टने येत. टॉवर आपल्या कक्षेतल्या सगळ्या फोनना एकदमच काहीतरी ऐकवतो, कोणाचा नंबर कोणता हे न पाहता, रेडिओसारखं. याच यंत्रणेतून जुन्या फोनवर ‘सेल इन्फो’ म्हणून त्या भागाचं नाव उमटत असे. कंपन्यांनी त्याच वाटेने वेगळ्या चॅनेलवर जाहिराती सोडल्या. या चॅनेलचा क्रमांक फोनच्या सेटिंगमध्ये नसून सिमच्या आत एका फाइलमध्ये लिहिलेला असे. फोन तो क्रमांक वाचायचा, त्यावर आलेला मजकूर स्वतः न दाखवता थेट कार्डाच्या हवाली करायचा, आणि कार्ड म्हणायचं, हे आता स्क्रीनवर दाखव. म्हणूनच फोनमध्ये जाऊन ‘सेल इन्फो’ बंद करणाऱ्यांचा काही उपयोग होत नसे. डीएनडीचंही तेच. ती यादी तपासायची तर संदेश कोणाला जातोय ते ठाऊक हवं. ब्रॉडकास्टला तेच ठाऊक नव्हतं.

ब्रॉडकास्टच्या एका पानात रोमन लिपीची 93 अक्षरं मावतात, देवनागरीची फक्त 41 चिन्हं. तेवढ्यात लालूच मावते. सेवेचं नाव, रक्कम, मुदत, आपोआप नूतनीकरण आणि बंद करायची रीत मावत नाही. एका संदेशात पंधरापर्यंत पानं जोडता येतात, पण गर्दीत उभ्या माणसाला पंधरा पानं कोण वाचायला लावणार?

2010 च्या सुमाराचा एक नमुना घेऊ. रकमा तेव्हाच्या सर्वसाधारण दरांच्या आहेत. डोंबिवलीची बाई, प्रीपेड कार्ड, बॅलन्स अडतीस रुपये. फास्ट लोकलमध्ये एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या हातात फोन. मिस्ड कॉल बघायला बटण दाबलं तेवढ्यात स्क्रीनवर येतं, आजचं भविष्य काय म्हणतं, ओके दाबा. ती ओके दाबते. खरं तर तिला तो मजकूर घालवायचा असतो.

हा ओके कंपनीकडे जात नाही. तो जातो कार्डाकडे. फोन कार्डाला कळवतो, की ग्राहकाने होकार दिला. नेटवर्कला अजून काहीही माहीत नाही. मग कार्ड ठरवतं पुढे काय करायचं. मजकूर नुसता वाचण्यापुरता असेल तर इथेच संपलं. त्यामागे सेवा जोडलेली असेल तर कार्ड फोनला एक छोटा एसएमएस एका शॉर्टकोडवर पाठवायला सांगतं, आणि तो गुपचूप जातो. पलीकडचं सेवा पुरवणाऱ्याचं यंत्र त्या एसएमएसला ग्राहकाची मागणी समजतं, बिलिंगकडे तीस दिवसांचे तीस रुपये मागतं, अडतीसचे आठ होतात. दादर यायच्या आत ‘आपली सेवा सुरू झाली आहे’ असा एक इंग्रजी एसएमएस येतो आणि बाकीच्या मेसेजांत मिसळून जातो.

महिना उलटल्यावर यंत्र पुन्हा तीस रुपये मागतं. आठच असतील तर सेवा लटकत राहते, आणि काही सेवांत मग कमी दिवसांसाठी कमी रक्कम मागून पाहिली जाते. बाई फडके रोडवरच्या दुकानातून छोटा रिचार्ज मारते आणि बॅलन्स आला तसा कटतो. तेव्हा ती भांडते ती दुकानदाराशी, कारण समोर तोच असतो. दुकानदार कस्टमर केअरकडे बोट दाखवतो, आणि कस्टमर केअर सांगतं की विनंती तुमच्याच नंबरवरून आली आहे. यातलं कोणीही खोटं बोलत नव्हतं, हीच यातली खरी मेख. एसएमएस तिच्याच नंबरवरून गेला होता. तिने तो लिहिला नव्हता, पाहिला नव्हता, इतकंच.

या यंत्रणेची चाचणी रोजच्या प्रवासातच घेता येत असे. तेव्हा कल्याणहून येणाऱ्या फास्ट गाड्या दिवा आणि ठाण्यामधल्या पारसिकच्या बोगद्यातून जात. 1916 मधला हा बोगदा सव्वा किलोमीटरहून थोडा लांब. आत रेंज गेली तरी सिमचा मेन्यू उघडत असे. क्रिकेट निवडा, त्यातली पोटयादी उघडे, राशी निवडा, बाराही राशी हजर. सगळं कार्डावरच साठवलेलं. अडत असे ते फक्त शेवटच्या पायरीवर, जिथे काहीतरी बाहेर जायचं असे. `*123#` सारखा यूएसएसडी कोड मात्र बोगद्यात पहिल्याच पायरीला कोसळायचा, कारण त्याचा मेन्यू कंपनीच्या सर्व्हरवर असतो. एवढा एक फरक डोक्यात असला की पुष्कळ उलगडतं. सिमचा मेन्यू बघण्याचे पैसे पडत नाहीत. पैसे पडले तर ते शेवटच्या निवडीचे, एसएमएस किंवा कॉल बाहेर गेल्याचे.

टेलिकॉम नियामक ट्राय या सगळ्याकडे डोळे मिटून बसला होता असं नाही. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय पैसे लागणारी कोणतीही सेवा सुरू करू नये, हा आदेश 3 मे 2005 चा आहे. 30 ऑक्टोबर 2007 ला दुसरा निघाला, की मोफत चाचणी संपल्यावर परस्पर पैसे लावू नयेत. दोन्ही आदेश बरोबर होते आणि दोन्ही फुसके निघाले, कारण ‘स्पष्ट संमती’ म्हणजे नेमकी कोणती कृती, हे त्यांत बांधलेलं नव्हतं. कंपन्यांच्या मते ओके हीच संमती. कागदोपत्री त्यांना खोडणं कठीण होतं.

4 जुलै 2011 च्या आदेशात पहिल्यांदा दुसरं पाऊल आलं. सेवा सुरू झाल्यापासून चोवीस तासांत ग्राहकाकडून वेगळी पुष्टी घ्या, आली तरच पैसे लावा. पण ती पुष्टी गोळा करणारं यंत्रही त्याच कंपनीच्या हातात होतं. म्हणून 10 जुलै 2013 ला आणखी एक आदेश निघाला. दुसरी संमती कंपनीच्या किंवा सेवा पुरवणाऱ्याच्या यंत्रावर नव्हे, तर तिसऱ्याच पक्षाच्या यंत्रावर घ्यायची, आणि ती मागताना सेवेचं नाव, किंमत, मुदत सांगायची. आमच्या नमुन्यातल्या बाईला हे लागू केलं तर तिचा पहिला ओके जाईल, कार्डाचा एसएमएसही जाईल, पण तीस रुपये तिथेच थांबतील. तिला वेगळा संदेश येईल, अमुक सेवा, इतके पैसे, हवी तर उत्तर द्या. ती काहीच करणार नाही, आणि काहीच न करण्याचा अर्थ या वेळी ‘नाही’ असा धरला जाईल. ओकेला सही मानायची की नाही हे ठरायला 2005 पासून आठ वर्षं लागली. एवढा वेळ लागण्याइतका हा प्रश्न अवघड होता असं मला वाटत नाही. त्यात पैसा होता.

त्याच सुमारास आणखी दोन उपयोगी गोष्टी हाती आल्या. सगळ्या कंपन्यांसाठी 155223 हा एकच टोल फ्री नंबर आला, त्यावर चालू सेवा कळत आणि बंद करता येत. आणि जानेवारी 2012 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार प्रीपेडवाल्यालाही मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा तपशीलवार हिशेब मागता येऊ लागला, जास्तीत जास्त पन्नास रुपये भरून. तीस रुपयांच्या भांडणासाठी पन्नास कोण भरणार, हे खरं. पण तीस रुपये सहा महिने कटले असतील तर हिशेब परवडतो, आणि तारखा एकमेकींपासून बरोबर तीस दिवसांवर दिसल्या की कोणतीतरी सेवा लागलेली आहे हे लगेच ओळखू येतं.

फ्लॅश बंद करायचं बटण मात्र सगळ्यात अनपेक्षित जागी होतं, त्याच मेन्यूत. Airtel Now! मध्ये Start/Stop, व्होडाफोनच्या यादीत Flash! आणि मग Activation. ज्या कप्प्यात जाऊ नका असं एकमेकांना सांगितलं जायचं, तिथेच जाऊन फ्लॅश बंद करावा लागे. एक बारकावा आणखी. ही नोंद कार्डावरच होत असे, म्हणून कार्ड हरवलं आणि त्याच नंबरचं नवं घेतलं की फ्लॅश पुन्हा जिवंत.

हा सगळा कारभार कायद्याने जितका आवरला त्यापेक्षा जास्त बाजार बदलल्याने आटला. नोव्हेंबर 2014 मध्ये लूपचा परवाना संपला आणि मुंबई सर्कलमधली एक आख्खी कंपनी बंद पडली. तिच्या कार्डांवरचा मेन्यू कार्डातच राहिला, त्याच्या टोकाला कोणी उरलं नाही. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, बाकीच्यांनीही अमर्याद कॉलचे पॅक काढले, आणि लोकांचा टॉकटाइमचा बॅलन्स जवळजवळ नाहीसा झाला. ज्या खिशातून तीस रुपये काढायचे तो खिसाच शिवला गेला. शिवाय ब्रॉडकास्टमधून कार्डापर्यंत पोचायची ती जुनी वाट टूजीवर उभी होती, आणि लोक फोरजीवर गेले.

टूलकिट मात्र अजून आहे. अँड्रॉइडवर ‘सिम टूलकिट’ नावाचं किंवा कंपनीच्या नावाचं एक चिन्ह दिसतं, आयफोनवर मोबाइल डेटाच्या सेटिंगमध्ये ‘सिम अॅप्लिकेशन्स’ असं लिहिलेलं असतं. कार्डाने यादी दिली नाही तर हे दिसतही नाही. दिसलं तर दुर्लक्ष करावं, त्यातून आज काही अडत नाही. बॅलन्स, पॅक, कॉलर ट्यून सगळं कंपनीच्या अॅपवर आहे. सिमचा पिन आणि पीयूके या मेन्यूत नसतात. पिन फोनच्या सेटिंगमधून बदलता येतो, पीयूके कंपनीकडून मिळतो. तीनदा पिन चुकला की पीयूके लागतो, आणि पीयूके दहादा चुकला की कार्ड कायमचं गेलं. म्हणून अंदाजाने आकडे मारू नयेत. टूलकिटचं अॅप जबरदस्तीने काढून टाकायचीही गरज नाही. कंपनी याच वाटेने कार्डावरची रोमिंगची यादी वगैरे बदलत असते, आणि त्यात तुम्हाला काही दाबावं लागत नाही.

दुर्लक्ष करू नये असा प्रसंग एकच, न मागता पॉप-अप येणं. त्याच्या वर सिम टूलकिटचं किंवा कंपनीच्या सेवांचं नाव असेल तर तो कार्डातून आला आहे. तिथे ओके न दाबता मागे फिरावं, मग मेन्यूत जाऊन ती सेवा थांबवावी. कॉल संपताच बॅलन्स किंवा पॅकची माहिती दाखवणारा तो यूएसएसडी, सिमच्या मेन्यूतून तो थांबवता येत नाही, पण नुसता बंद केल्याने पैसेही लागत नाहीत. इथे ओकेपेक्षा उत्तराचा रकाना बघावा. आकडा टाकायला सांगत असेल तर टाकू नये.

काही हल्ले मात्र पॉप-अप दाखवतच नाहीत. 2019 मध्ये अॅडाप्टिव्हमोबाइल या सुरक्षा कंपनीने ‘सिमजॅकर’ उघडकीला आणलं. काही देशांतल्या कार्डांवर टूलकिटचा एक जुना ब्राउझर उरला होता. त्याला सांकेतिक एसएमएस पाठवून फोन कोणत्या टॉवरखाली आहे ते काढून घेतलं जात होतं, आणि स्क्रीनवर काही उमटत नव्हतं. त्यावर ग्राहकाला करण्यासारखं काही नसतं, असे एसएमएस कंपनीलाच नेटवर्कवर अडवावे लागतात.

आणि 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात अनेकांचे फोन एकदम किंचाळले, आपत्तीच्या इशाऱ्याची ती सरकारी चाचणी होती. तो संदेशही सेल ब्रॉडकास्टनेच आला होता. फरक एवढाच की तो फोनने स्वतः दाखवला, मध्ये सिम नव्हतं. त्यावरचा ओके दाबल्यावर फोनमधून काहीही बाहेर जात नाही, पाठवणाऱ्याला तो कोणी वाचला हेही कळत नाही. तो दाबायला हरकत नाही. आधी वाचून.